कळशी सासूबाईंची, बाटली मुलीची, आणि बाळाचं पाणी

*आम्ही चिंचवडला राहतो. पाणी एक दिवसाआड येतं, म्हणून साठवावंच लागतं. प्यायला आरओ आहे. महिन्याभरापूर्वी सासूबाई पाटणहून राहायला आल्या आणि येताना त्यांच्या आईची तांब्याची कळशी घेऊन आल्या. रात्री आरओचं पाणी तिच्यात भरायचं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी तेच प्यायचं, असा त्यांचा आग्रह आहे. दहा महिन्यांच्या नातवाची पेजही त्याच पाण्यात होते. मुलगी सातवीत आहे, तिला मैत्रिणींसारखी तांब्याची बाटली हवी आहे आणि उन्हाळ्यात ती त्यातून लिंबूपाणी नेणार म्हणते. मिस्टरांचं म्हणणं, हे सगळं जुनं झालं, सरळ स्टीलच्या बाटल्या घे. कळशी आतून काळपट झाली आहे, तिला कल्हई करून घे असं सासूबाई सांगतात. काय वापरू आणि कोणाला काय देऊ?*
*— एक वाचक, चिंचवड*

ताई,

बाळापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या गोष्टी आठवडाभर थांबल्या तरी चालतील, ही थांबायला नको. बाळाच्या पेजेला, दुधाच्या पावडरीला, औषध कालवायला कळशीतलं पाणी घेऊ नका. स्टीलच्या पातेल्यात पाणी खळखळ उकळा, त्याच पातेल्यात झाकून निवू द्या आणि ते वापरा. महिनाभर कळशीतल्या पाण्याची पेज दिली म्हणून घाबरून जाऊ नका. पेजेला दिवसाला पाणी लागतं किती, पाव-अर्धा लिटर. त्यातून पोटात गेलेलं तांबं फार नसणार. पुढच्या लसीला जाल तेव्हा डॉक्टरांच्या कानावर मात्र घाला.

इतक्या ठामपणे सांगण्याचं कारण तुमच्या शेजारीच, पुण्यात घडलेलं आहे. आपल्याकडे पूर्वी सहा महिने ते चार-पाच वर्षांच्या मुलांना यकृताचा एक भयंकर आजार व्हायचा. पोट फुगायचं, यकृत दगडासारखं हाताला लागायचं, कावीळ व्हायची आणि बहुतेक मुलं काही महिन्यांत जायची. एकाच घरात पाठोपाठ दोन-दोन मुलं गेल्याची उदाहरणं होती. वैद्यकात त्याला ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’ हेच नाव पडलं. या मुलांच्या यकृतात तांबं प्रचंड प्रमाणात साठलेलं सापडायचं, पण ते येतं कुठून हे कळत नव्हतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांच्या घरच्या सवयी बारकाईने विचारल्या. आजारी मुलांना आईच्या दुधाऐवजी गाई-म्हशीचं दूध फार लवकर सुरू झालेलं होतं आणि ते दूध पितळेच्या, कल्हई नसलेल्या भांड्यात तापवलं किंवा ठेवलं जात होतं. दुधातलं प्रथिन तांब्याला धरून ठेवतं, त्यामुळे पितळेतलं तांबं दुधात उतरायचं आणि रोज थोडं थोडं बाळाच्या यकृतात जायचं. १९८३ साली त्यांनी ही शंका ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. पुढे डॉक्टर घरोघरच्या आयांना भांडं बदलायला सांगू लागले, पितळ मागे पडून स्टील आणि अॅल्युमिनियम आलं, आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. ऑस्ट्रियातल्या तिरोल भागातही तांब्याच्या भांड्यातल्या दुधाने असाच आजार व्हायचा आणि तिथेही भांडी बदलल्यावर तो थांबला.

आता यातला फरक नीट सांगायला हवा, नाहीतर मीच उगाच भीती पसरवल्यासारखं होईल. तो दोष दुधाचा आणि पितळेचा होता, रात्रभर ठेवलेल्या साध्या पाण्याचा नव्हे. पाण्यात तांबं त्या मानाने फार कमी उतरतं. पण मुद्दा बाळाच्या यकृताचा आहे. मोठ्या माणसाचं यकृत जास्तीचं तांबं पित्तावाटे बाहेर टाकतं. तान्ह्या बाळाला ते अजून नीट जमत नाही, आणि जन्मतःच त्याच्या यकृतात तांब्याचा साठा असतो. म्हणजे त्याला पाण्यातून वेगळं तांबं द्यायची गरज नाही आणि जास्त झालं तर काढून टाकायची सोयही कच्ची. फायदा काहीच नाही तिथे थोडासाही धोका कशाला घ्यायचा? हल्ली पितळेची आणि तांब्याची भांडी पुन्हा हौसेने घेतली जात आहेत, म्हणून आणखी एक सांगून ठेवते: त्यांत बाळाचं दूध तापवणं तर कधीच नको.

आता कळशीकडे येऊ. सासूबाईंचं म्हणणं पोकळ नाही, आणि मिस्टरांनी ते ‘जुनं’ म्हणून उडवून लावू नये. तांब्याच्या भांड्यात ठेवलेल्या पाण्यात जंतू मरतात, हे तपासलेलं आहे. बंगळूरच्या संशोधकांनी पाण्यात मुद्दाम हगवणीचे, कॉलऱ्याचे आणि विषमज्वराचे जंतू सोडले आणि ते पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास साध्या तापमानाला ठेवलं. नंतर तपासलं तेव्हा एकही जिवंत जंतू वाढवून दाखवता आला नाही. त्यांचा निबंध २०१२ साली प्रसिद्ध झाला. तांब्याचे अतिसूक्ष्म कण, म्हणजे आयन, भांड्याच्या पृष्ठभागावरून पाण्यात सुटतात आणि जंतूच्या पेशीचं आवरण व आतली यंत्रणा बिघडवतात. त्याच १६ तासांत लिटरमागे सुमारे ०.१८ मिलिग्रॅम तांबं पाण्यात उतरलं होतं. म्हणजे जंतूला मारणारं जे तांबं, तेच आपल्या पोटात जातं. कळशीतल्या पाण्याचा गुण आणि दोष दोन्ही या एकाच गोष्टीतून येतात, म्हणून तांबं चांगलं की वाईट असं विचारून उत्तर मिळत नाही. कुठलं पाणी, किती वेळ आणि पिणार कोण, हे पाहावं लागतं.

सासूबाईंच्या आईच्या वेळी पाटण भागात विहिरीचं नाहीतर झऱ्याचं पाणी असणार. त्यात क्लोरीन नसणार. रात्री कळशी भरून ठेवली की सकाळपर्यंत त्यातले बरेच जंतू मरत असतील आणि त्या घरात जुलाब कमी होत असतील. हा अनुभव खोटा म्हणायचं कारण नाही. मात्र तिथेही त्याची मर्यादा होती. पहिल्या पावसाच्या गढूळ पाण्यावर तांब्याचा भरवसा धरता येत नाही, तासाभरात काही होत नाही, आणि काविळीच्या विषाणूंची चाचणी त्या प्रयोगात झालेली नव्हती. गावाकडे ज्या विहिरीत ग्रामपंचायत क्लोरीनची टीसीएल पावडर टाकत नाही, तिथलं पाणी पावसाळ्यात उकळूनच प्यावं, कळशी असली तरीही. खाऱ्या, फ्लोराइडच्या किंवा नायट्रेटच्या पाण्याला तर तांबं काहीच करत नाही. ते आहेत तसेच राहतात.

चिंचवडचं पाणी वेगळं. ते पवनेचं, निगडीच्या केंद्रात शुद्ध होऊन, क्लोरीन घालून येतं. भारतीय मानकाप्रमाणे घरच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असायला हवं. ते तुमच्या आरओत शिरतं, तिथे कार्बनच्या फिल्टरवर क्लोरीन निघून जातं आणि पुढच्या पडद्यातून क्षार, धातू आणि जंतू गाळले जातात. या पाण्यात मारायला जंतू जवळजवळ उरलेलेच नसतात, मग तांब्याने रात्रभर काय करायचं? उलट एक अडचण होते. आरओचं पाणी क्षार काढून टाकलेलं, किंचित आम्लाकडे झुकलेलं असतं, आणि असं मऊ, आम्लसर पाणी धातू जास्त विरघळवतं. बंगळूरच्या प्रयोगातलं पाणी सौम्य अल्कधर्मी होतं. तुमच्या कळशीत त्याहून जास्त तांबं उतरत असण्याची शक्यता आहे. तुमच्या आरओला तांब्याचा वेगळा कार्ट्रिज असेल, तर कळशीने त्यात आणखी भर पडते.

हे प्रमाण कितपत काळजीचं आहे, त्याचा हिशेब मांडून दाखवते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅमपर्यंत तांबं चालेल असं म्हटलं आहे. भारतीय मानकात इष्ट मर्यादा फक्त ०.०५ आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. सासूबाईंनी सकाळी कळशीतलं दोन ग्लास पाणी घेतलं, म्हणजे साधारण अर्धा लिटर, तर बंगळूरच्या आकड्याने त्यांच्या पोटात ०.०९ मिलिग्रॅम गेलं. तुमच्या पाण्यात ते तिप्पट उतरत असेल असं धरलं तरी ०.२७. मोठ्या माणसाला दिवसाला १ ते २ मिलिग्रॅम तांबं लागतंच आणि मूठभर शेंगदाण्यांत जवळपास ०.३ मिलिग्रॅम असतं. तेव्हा निरोगी मोठ्या माणसाने सकाळचे दोन ग्लास कळशीतलं पाणी प्यायलं तर काळजीचं काही नाही. त्याच हिशेबाने हेही कळतं की शरीराला तांबं मिळावं म्हणून कळशीतलं पाणी पिण्यातही अर्थ नाही. डाळी, शेंगदाणे आणि तीळ खाणाऱ्या घरात तांब्याची कमतरता सहसा नसते.

यकृताच्या रोग्याची गोष्ट वेगळी. घरात कोणाला यकृताचा आजार असेल, किंवा विल्सनचा आजार असेल, ज्यात शरीराला जन्मतःच तांबं बाहेर टाकता येत नाही, तर त्या माणसाने तांब्याचं पाणी एक घोटही घेऊ नये. विल्सनचा आजार भावंडांत असू शकतो आणि कधी कधी वीस-पंचवीस वर्षांपर्यंत कळत नाही. नात्यात तरुण वयात यकृत निकामी झालेलं कोणी असेल, तर कळशीचा विचार सोडून आधी डॉक्टरांना विचारा.

मुलीच्या बाटलीबद्दल माझं उत्तर स्पष्ट ‘नको’ असं आहे. त्याला दोन कारणं आहेत. पहिलं आकाराचं. समान पाण्याला भांड्याचा किती पृष्ठभाग लागतो, यावर तांबं किती उतरणार हे बरंचसं ठरतं. आठ लिटरची गोल कळशी घेतली तर लिटरमागे साधारण २४० चौरस सेंटिमीटर तांबं पाण्याला लागतं. पाऊण लिटरची उभट, अरुंद बाटली घेतली तर लिटरमागे ते ६०० च्या वर जातं. म्हणजे अडीचपटीहून जास्त. बाटली शनिवार-रविवार दप्तरात अर्धी भरून पडून राहिली, की सोमवारचं ते पाणी सासूबाईंच्या सकाळच्या ग्लासासारखं राहत नाही.

दुसरं कारण लिंबू, आणि हे खरं गंभीर आहे. लिंबाने तांब्याचं भांडं लखलखीत होतं ना? ते होतं कारण लिंबाचं आम्ल वरचा थर विरघळवून घेऊन जातं. बाटलीत तेच लिंबूपाणी चार तास ठेवलं तर विरघळलेलं तांबं जाणार कुठे? मुलीच्या पोटात. कोकम सरबत, ताक, चिंचेचं पन्हं, कैरीचं पन्हं, मीठ-साखरेचं पाणी, ओआरएसची पुडी, यातलं काहीच तांब्यात ठेवायचं नाही. जुन्या बायका ‘ताक कळकलं’ म्हणून फेकून द्यायच्या, ते अगदी बरोबर होतं. सासूबाईंना हे विचारून पाहा, त्या तुमच्यापेक्षा ठासून सांगतील, आणि मुलगी आजीचं ऐकेल. लिटरमागे ४ मिलिग्रॅमच्या आसपास तांबं असलेलं पाणी प्यायल्यावर काही लोकांना मळमळ होते, हे स्वयंसेवकांवरच्या चाचण्यांत दिसलेलं आहे. तोंडात धातूची चव येते, तासाभराच्या आत मळमळतं, कधी उलटी होते, पोटात कळ येते. शाळेत असं झालं की सगळे डब्यावर संशय घेतात. बाटलीकडे कोणाचं लक्ष जात नाही.

मुलीला स्टीलची बाटली द्या. चांगलं स्टील पाण्यात जवळजवळ काही सोडत नाही, लिंबूपाण्यानेही चांगल्या स्टीलचं एका दिवसात काही बिघडत नाही. ‘आतून तांब्याचं अस्तर’ असं लिहिलेली थर्मास बाटली दिसली तर तिच्यामुळे हुरळूनही जाऊ नका आणि घाबरूनही नका. तो तांब्याचा थर दोन भिंतींच्या मधल्या पोकळीत असतो, उष्णता अडवायला. पाण्याला तो लागतच नाही.

घेताना तळाशी किंवा वेष्टनावर ‘३०४’ हा दर्जा आणि आयएसआय चिन्ह पाहा. ३०४ म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेलं पोलाद. क्रोमियममुळे त्यावर अदृश्य पातळ थर बसतो आणि गंज अडतो. बाजारात स्वस्त बाटल्या बऱ्याचदा २०१ किंवा २०२ दर्जाच्या असतात. त्यात निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं आणि खारट-आंबट पदार्थांत त्या लवकर डागाळतात. दुकानदार लोहचुंबक लावून ‘बघा, चिकटत नाही, अस्सल आहे’ म्हणतो. त्यावर विसंबू नका. २०२ लाही चुंबक चिकटत नाही, त्यामुळे ३०४ आणि २०२ त्याने वेगळे ओळखता येत नाहीत. किंमत फारच कमी आणि दर्जा कुठेच छापलेला नाही, असं असेल तर ती बाटली नका घेऊ.

स्टीलची उणीव मात्र मिस्टरांना सांगायला हवी, कारण स्टील घेतलं की आपलं काम संपलं असं त्यांना वाटत असेल. स्टील जंतू मारत नाही. आत जे जाईल ते तिथेच राहतं आणि वाढतं. आरओच्या पाण्यात क्लोरीन उरलेलं नसतं, म्हणून साठवलेल्या आरओच्या पाण्याला पाठराखण कोणाची नसते. बाटलीची भिंत गुळगुळीत असते, तिथे फारसं काही चिकटत नाही. घाण साठते ती झाकणात. झाकणाच्या आत रबराची किंवा सिलिकॉनची गोल कडी असते. ती टाचणीने उचलून पाहा. तिच्याखाली बोटाला बुळबुळीत लागलं किंवा वास आला, तर तिथे जंतूंचा थर जमलेला आहे. नळीने ओढून प्यायच्या बाटलीत हाच थर नळीच्या आत असतो, आणि तो दिसतही नाही. शाळेसाठी त्यामुळे साधं, रुंद तोंडाचं, फिरकीचं झाकण बरं. रोज गरम पाणी आणि भांडी घासायच्या साबणाने लांब दांड्याच्या ब्रशने बाटली घासा, कडी आठवड्यातून दोनदा काढून धुवा आणि रात्री बाटली झाकण न लावता उपडी ठेवा. कोरडेपणासारखं जंतूंना अडवणारं दुसरं स्वस्त साधन नाही. ब्लीचचं पाणी स्टीलमध्ये रात्रभर ठेवायची चूक करू नका, क्लोरीनने स्टीलला बारीक खड्डे पडतात.

एक दिवसाआड पाणी म्हणजे तुमचं साठवण्याचं काम रोजचं. २०१९ पासून तुमच्याकडे हेच चाललं आहे. माझा सल्ला असा की नळाचं क्लोरीनचं पाणी टाकीत किंवा पिंपात साठवा आणि आरओने गाळा ते लागेल तेवढंच, एका दिवसापुरतं. आरओचं पाणी दोन-तीन दिवसांचं भरून ठेवण्यात फायदा नाही. एका दिवसाच्या पाण्याला तोटीचं, घट्ट झाकणाचं, आठ-दहा लिटरचं स्टीलचं पिंप पुरेल. तोटी महिन्यातून एकदा फिरवून काढायची आणि आतून ब्रशने धुवायची. घरात पाणी बिघडतं ते बहुतेक वेळा भांड्यामुळे नाही, हातामुळे. कोणी पेला बुडवतो, बोटं पाण्याला लागतात, त्या हातानेच बाळाचं लंगोट बदललेलं असतं. तोटी असली की हा प्रश्न संपतो. कळशीत मात्र पेला बुडतोच. म्हणून कळशी वापरायचीच तर सासूबाईंना लांब दांड्याचा ओगराळा द्या आणि तो तिच्या शेजारी टांगून ठेवा.

कळशीची वाटणी मी अशी करेन. ती सासूबाईंची, आणि हवं तर तुम्हा दोघांची, सकाळच्या एक-दोन ग्लासांपुरती. दिवसभराचं पाणी पिंपातून. रात्री नऊला भरलेली कळशी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवायची, उरलेलं पाणी झाडांना, आणि रिकामी करून पालथी घालायची. दोन दिवस तसंच पाणी ठेवून वर भर घालत राहायचं नाही. तिच्यात आरओचं पाणी भरण्याऐवजी नळाचं पाणी गाळून, उकळून, निववून भरलं तर ते क्षार असलेलं पाणी तांबं कमी विरघळवतं, आणि सासूबाईंना चवही आवडेल. अधूनमधून एक साधी परीक्षा करा: रात्रभर ठेवलेलं पाणी पांढऱ्या कपात ओतून उजेडात पाहा. निळसर-हिरवट झाक दिसली किंवा जिभेला धातूची चव आली, तर तांबं फारच उतरतं आहे, ते पाणी ओतून द्या आणि वापर थांबवा. झाक दिसली नाही म्हणजे सगळं ठीक, असा उलटा अर्थ मात्र काढू नका. ठाऊक करून घ्यायचंच असेल तर पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नमुना द्या. सकाळी पहिलंच पाणी, प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीत, आणि ‘तांबं’ तपासायचं आहे असं सांगून. नेहमीच्या तपासणीत ते बहुधा धरलेलं नसतं.

आतला काळपट रंग काढायची घाई करू नका. तपकिरी-काळपट थर हा तांब्याचा ऑक्साइड असतो. तो भांड्याला चिकटून बसतो आणि तांबं विरघळणं उलट मंदावतो. नव्याने घासलेल्या चकचकीत तांब्यातून पाण्यात जास्त तांबं सुटतं. काढायचं असतं ते हिरवं. कडेला, गळ्यात, सांध्यात हिरवट पूड दिसली की चिंच आणि मिठाने हलकेच घासायचं, खळखळून धुवायचं आणि त्या दिवशी भरलेलं पहिलं पाणी पिण्याला घ्यायचं नाही. तारेच्या घासणीने आतून ओरबाडू नका, चरे पडतात आणि त्यातच हिरवं पुन्हा धरतं. आठ-पंधरा दिवसांतून एकदा एवढं पुरे, रोज लिंबाने चमकवायची गरज नाही.

राहिली कल्हई. कल्हई म्हणजे तांब्यावर कथलाचा थर. भाजी-आमटीच्या भांड्याला ती हवीच, कारण आंबट पदार्थ तांब्याला लागू द्यायचा नसतो. पाण्याच्या कळशीला आतून कल्हई केली की पाणी तांब्याला लागतच नाही, मग सासूबाईंना रात्रभर जे हवं आहे तेच होणार नाही. त्यांना हे सरळ सांगा, त्या स्वतःच नको म्हणतील. त्यापेक्षा कळशीच्या तळाचा आणि गळ्याचा सांधा दाखवून घ्या. जुनी भांडी कधी कधी शिशाच्या झाळकामाने जोडलेली किंवा नंतर दुरुस्त केलेली असतात, आणि शिसं तांब्यापेक्षा कितीतरी वाईट. आतल्या बाजूने सांध्यावर राखाडी, मऊ, नखाने ओरखडा उठेल असा धातू दिसला तर संशय घ्या. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत अजूनही मठारकाम करणारे कारागीर आहेत. कळशी घेऊन जा, ‘हिचा सांधा शिशाचा आहे का’ एवढंच विचारा, आणि तो तसा असेल तर तांब्यानेच पुन्हा जोडून देता येईल का ते पाहा. ते होईपर्यंत कळशीतलं पाणी झाडांनाच घाला.